तूर तीच, विक्री तीच, नफे दोन: फिफो आणि भारित सरासरीतल्या पाच लाखांचा हिशेब

संचालकांचा प्रश्न: "एप्रिल ते जूनचा नफा तुम्ही फिफोने २८ लाख आणि वेटेड अ‍ॅव्हरेजने २३ लाख दाखवला आहे. तूर तीच, विक्री तीच, बँकेतले पैसेही तेच. मग हे पाच लाख गेले कुठे? आणि बँकेला, ऑडिटरला यातला कुठला आकडा द्यायचा?"

विषय: एप्रिल–जून तिमाहीच्या नफ्यातील फरक

साहेब, नमस्कार.

पाच लाख कुठेही गेलेले नाहीत. ३० जूनला आपल्या जळगावच्या वखारीत १,५०० क्विंटल आख्खी तूर शिल्लक होती, तिच्या किमतीत ते आहेत. फिफोने त्या तुरीची किंमत १ कोटी १९ लाख निघते आणि सरासरीने १ कोटी १४ लाख. तिमाहीत तुरीवर घातलेला एकूण पैसा ठरलेला आहे. त्यातला काही भाग दळलेल्या तुरीच्या नावावर जातो, उरलेला थप्पीत पडून असलेल्या तुरीच्या नावावर. थप्पीच्या नावावर पाच लाख जास्त लिहिले की दळलेल्या तुरीचा खर्च तेवढाच कमी दिसतो आणि नफा तेवढाच फुगतो. बँकेला आणि ऑडिटरला २३ लाखच द्यायचे. का, ते खाली लिहितो, पण आधी आकडे पाहू.

१ एप्रिलला आपल्याकडे १,००० क्विंटल तूर होती, ७,२०० रुपये भावाने. एप्रिलमध्ये २,००० क्विंटल ७,४०० ने घेतली, मे महिन्यात २,००० क्विंटल ७,८०० ने, आणि जूनमध्ये अकोल्याहून १,००० क्विंटल ८,००० ने. हे सगळे भाव वखारपोच आहेत, म्हणजे गाडीभाडे, हमाली, तोलाई, दलाली धरून. एकूण ६,००० क्विंटल तूर, किंमत ४ कोटी ५६ लाख. यातली ४,५०० क्विंटल मिलला दिली: एप्रिलमध्ये १,५००, मे महिन्यात २,०००, जूनमध्ये १,०००. तयार झालेली डाळ सगळी विकली गेली, ३० जूनला डाळीचा साठा शून्य होता. म्हणून हिशेब सोपा आहे, फक्त तुरीपुरता. डाळही शिल्लक असती तर हाच फरक डाळीच्या साठ्यातही शिरला असता.

फिफोत आधी आलेला माल आधी खपला असे धरतात. ४,५०० क्विंटल दळले, म्हणजे सुरुवातीचे १,००० आणि एप्रिलचे २,००० पूर्ण गेले, मे महिन्यातल्या खरेदीतले १,५०० गेले. त्यांचा खर्च ७२ लाख, १ कोटी ४८ लाख आणि १ कोटी १७ लाख मिळून ३ कोटी ३७ लाख. उरले काय? मे महिन्यातले ५०० क्विंटल ७,८०० चे आणि जूनचे पूर्ण १,००० क्विंटल ८,००० चे. ३९ लाख अधिक ८० लाख, म्हणजे १ कोटी १९ लाख. थोडक्यात, फिफोत स्वस्त तूर खर्चात जाते आणि महाग तूर ताळेबंदात राहते.

भारित सरासरीत सगळी तूर एकाच ढिगात ओतली असे समजायचे. ४ कोटी ५६ लाखांना ६,००० ने भागले की क्विंटलला ७,६०० येतात. इथे 'भारित' शब्द महत्त्वाचा आहे. चार भावांची बेरीज करून चारने भागू नये. आपल्या आकड्यांत तशीही सरासरी ७,६०० च येते, पण तो योगायोग आहे. मधल्या दोन खेपा सारख्या आणि कडेच्या दोन सारख्या असल्यामुळे तसे जमले. जूनची खेप ३,००० क्विंटलची असती तर साधी सरासरी ७,६०० च राहिली असती आणि भारित सरासरी ७,७०० झाली असती. आता दळलेले ४,५०० क्विंटल ७,६०० ने ३ कोटी ४२ लाख, आणि शिल्लक १,५०० क्विंटल १ कोटी १४ लाख.

डाळ आणि चुणी-भुशीची विक्री ३ कोटी ९५ लाख. मिलचा आणि ऑफिसचा खर्च ३० लाख. हे दोन आकडे दोन्ही पद्धतींत सारखेच. ३९५ मधून ३३७ आणि ३० वजा केले की फिफोचे २८ लाख. ३९५ मधून ३४२ आणि ३० वजा केले की सरासरीचे २३ लाख. व्यापाऱ्यांना दिलेले पैसे, आलेले पैसे, बँकेतली शिल्लक, यात एक रुपयाही हलत नाही. जी रक्कम हलते ती अजून विकलेली नाही. ती कट्ट्यांवर लावलेल्या किमतीची चिठ्ठी आहे.

पुढे असे दोन आकडे समोर आले तर हे सूत्र लावून पाहावे:

```
नफ्यातला फरक = अखेरच्या साठ्यातला फरक − सुरुवातीच्या साठ्यातला फरक
```

या तिमाहीत १ एप्रिलचा साठा दोन्ही हिशेबांत ७२ लाखच धरला आहे, म्हणून अखेरच्या साठ्यातले पाच लाख जसेच्या तसे नफ्यात आले. या सूत्रात न बसणारा फरक निघाला, तर तो पद्धतीमुळे आलेला नाही, कुठेतरी नोंद चुकली आहे असे समजावे.

एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण वखारीतल्या माणसांकडूनही तो ऐकू येतो. "आपण तर वरची थप्पी आधी उचलतो, म्हणजे नवी तूर आधी जाते, मग फिफो कसे लावता?" फिफो काय किंवा सरासरी काय, दोन्ही किमतीचे गृहीतक आहे. हमालाने कुठला कट्टा आधी उचलला याच्याशी त्याचा संबंध नाही. कीड लागू नये म्हणून जुना माल आधी दळावा हे खरेच, पण ते वखारीचे शिस्तीचे काम झाले. हिशेबाची पद्धत वेगळी असली तरी ते तसेच करायचे.

आता या २८ आणि २३ लाखांत मिलने प्रत्यक्ष कमावले किती, हे पाहू. माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगाचा आकडा हाच आहे, आणि तो दोन्ही पद्धतींत दिसत नाही.

दर महिन्याला दळलेली तूर त्याच महिन्याच्या खरेदीभावाने मोजून पाहा. एप्रिलचे १,५०० क्विंटल ७,४०० ने १ कोटी ११ लाख. मे महिन्याचे २,००० क्विंटल ७,८०० ने १ कोटी ५६ लाख. जूनचे १,००० क्विंटल ८,००० ने ८० लाख. मिळून ३ कोटी ४७ लाख. विक्रीतून हे आणि ३० लाख खर्च वजा केला की उरतात १८ लाख. ज्या दिवशी तूर घेतली त्याच दिवशी दळून विकली असती, तर मिलच्या हाती एवढेच आले असते. फिफोच्या २८ लाखांतले बाकीचे १० लाख आणि सरासरीच्या २३ लाखांतले बाकीचे ५ लाख, हे स्वस्तात घेतलेली तूर वखारीत असताना बाजार चढला त्याची कमाई आहे. फिफो ही भाववाढ लगेच नफ्यात दाखवते. सरासरी अर्धी दाखवते आणि अर्धी साठ्यात दडवून ठेवते.

म्हणून डाळीचा भाव ठरवताना २८ पाहू नये आणि २३ ही पाहू नये. फिफोच्या हिशेबाने जूनमध्ये दळलेल्या तुरीची किंमत ७,८०० दिसते, पण तेवढीच तूर परत आणायला त्या दिवशी ८,००० लागत होते. ७,८०० धरून डाळीचा सौदा केला तर क्विंटलभर तुरीमागे २०० रुपये आपण नकळत गिऱ्हाइकाला देऊन टाकतो. सौद्यासाठी त्या दिवशीचा अकोला किंवा लातूरचा तुरीचा भाव, वाहतूक आणि डाळीचा उतारा, एवढेच पुरेसे आहे.

आणखी एक बाब आहे, आणि बहुतेक गोंधळ तिच्यामुळेच होतो. 'वेटेड अ‍ॅव्हरेज' हे नाव एक असले तरी हिशेबाच्या रीती दोन आहेत. वर दाखवलेली ७,६०० ची सरासरी पूर्ण काळाची आहे. ती जून संपेपर्यंत कळतच नाही, आणि जूनमध्ये महाग घेतलेल्या तुरीचा भार एप्रिलमध्ये दळलेल्या तुरीवरही टाकते. दुसरी रीत फिरत्या सरासरीची. तिच्यात प्रत्येक खेप आली की सरासरी नव्याने काढायची आणि पुढची खेप येईपर्यंत त्याच भावाने तूर मिलला द्यायची.

फिरत्या सरासरीने आपला हिशेब असा येतो. सुरुवातीचे ७२ लाख आणि एप्रिलचे १ कोटी ४८ लाख, मिळून ३,००० क्विंटलला २ कोटी २० लाख, भाव ७,३३३. त्यातले निम्मे दळले, उरले १,५०० क्विंटल, १ कोटी १० लाखांचे. त्यात मे महिन्याची खेप मिळवली की ३,५०० क्विंटल, २ कोटी ६६ लाख, भाव ७,६००. दोन हजार दळले, उरले १,५०० क्विंटल, १ कोटी १४ लाखांचे. जूनची खेप आल्यावर २,५०० क्विंटल, १ कोटी ९४ लाख, भाव ७,७६०. हजार दळले की शिल्लक १,५०० क्विंटल, १ कोटी १६ लाख ४० हजार. नफा २५ लाख ४० हजार. फिफो आणि पूर्ण काळाची सरासरी यांच्या साधारण मधे.

म्हणजे 'सरासरीने' एवढेच सांगणाऱ्या दोन माणसांच्या आकड्यांतही २ लाख ४० हजारांचा फरक पडू शकतो आणि दोघेही बरोबर असू शकतात. मी तुम्हाला दिलेले २३ लाख पूर्ण काळाच्या सरासरीचे आहेत. हे त्याच वेळी लिहायला हवे होते.

आता पुढची तिमाही. हे पाच लाख फिफोने कायमचे कमावलेले नाहीत, उसने घेतलेले आहेत. समजा जुलै ते सप्टेंबरमध्ये बाहेरदेशची तूर बंदरात उतरू लागली, भाव खाली आला, आणि आपण ३,००० क्विंटल ७,६०० ने घेतली. ३० सप्टेंबरपर्यंत सगळी तूर दळून वखार रिकामी केली. नवी खरेदी २ कोटी २८ लाखांची. फिफोत तिच्याबरोबर मागचे १ कोटी १९ लाखही खर्चात येतील, म्हणजे ३ कोटी ४७ लाख. सरासरीत मागचे १ कोटी १४ लाख येतील, म्हणजे ३ कोटी ४२ लाख. त्या तिमाहीत फिफोचा नफा पाच लाखांनी कमी दिसेल. सहा महिन्यांची बेरीज केली तर तुरीचा खर्च दोन्ही पद्धतींत ६ कोटी ८४ लाखच येतो. वखार कधीच रिकामी झाली नाही, तर फरक पुढे पुढे सरकत राहतो, भाव आणि साठा बदलेल तसा कमी-जास्त होतो, पण दर तिमाहीत नव्याने पाच-पाच लाख साठत नाहीत.

फिफोने नेहमीच नफा जास्त येतो असेही नाही. याच चार खेपा उलट्या क्रमाने आल्या असत्या, आधी ८,००० ची आणि शेवटी ७,२०० ची, तर एकूण खरेदी ४ कोटी ५६ लाखच राहिली असती. पण फिफोत शिल्लक तूर १ कोटी ९ लाखांची झाली असती, सरासरीत १ कोटी १४ लाखांचीच. मग फिफोने नफा पाच लाखांनी कमी आला असता. चढत्या बाजारात फिफो पुढे, उतरत्या बाजारात मागे, आणि भाव स्थिर असले तर दोन्ही सारखे.

भाव उतरताना एक सापळा असतो. लेखा मानक २ प्रमाणे साठा खरेदी किमतीला किंवा निव्वळ वसुलीयोग्य किमतीला, यातल्या कमी किमतीला दाखवावा लागतो. कच्च्या मालाला एक सूट आहे: त्यापासून होणारा पक्का माल खर्च भरून निघेल इतक्या किमतीला विकला जाणार असेल, तर कच्च्या मालाचा बाजारभाव पडला तरी त्याची किंमत कमी करायची गरज नाही. म्हणून आपल्याकडे कसोटी तुरीच्या भावावर लागत नाही, डाळीच्या भावावर लागते.

आपला डाळीचा उतारा सत्तर टक्के धरतो. दळणाचा खर्च क्विंटलभर तुरीला सहाशेच्या आसपास आहे आणि चुणी-भुशीतून जवळपास तेवढेच परत येतात, म्हणून दोन्ही फिटले असे समजू. फिफोत शिल्लक तुरीचा सरासरी भाव ७,९३३ पडतो. त्याला ०.७० ने भागले की डाळीचा क्विंटलचा खर्च साधारण ११,३३० येतो. सरासरीत ७,६०० ला भागले की १०,८६० च्या आसपास. समजा दलाली आणि विक्रीखर्च जाऊन डाळीचे हातात ११,२०० च पडू लागले. सरासरीत अजून ३४० रुपयांची जागा आहे, काही करावे लागत नाही. फिफोत मात्र डाळ तोट्यात जाते. ११,२०० च्या सत्तर टक्क्यांनी तुरीची वसुलीयोग्य किंमत ७,८४० येते, १,५०० क्विंटलची १ कोटी १७ लाख ६० हजार. म्हणजे फिफोने दाखवलेल्या पाच लाखांतले १ लाख ४० हजार लगेच परत खोडावे लागतात. चढत्या भावात फिफोने फुगलेला साठा बाजार वळला की सगळ्यात आधी खचतो तो असा.

(हे आकडे अंदाजे धरले आहेत. उताऱ्यात एक टक्क्याचा फरक पडला तरी डाळीचा खर्च दीडशे रुपयांनी हलतो, म्हणून कसोटी लावताना प्रत्यक्ष मिलिंग रजिस्टरचा उतारा घ्यावा.)

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. लेखा मानकाला फिफो आणि भारित सरासरी दोन्ही चालतात. शेवटी आलेला माल आधी खपला असे धरणारी लिफो चालत नाही. आयकराच्या साठा-मूल्यांकनातही निवड या दोनमधलीच. पण निवड रोज करायची नसते. आपल्या मागच्या वर्षीच्या सही झालेल्या हिशेबांच्या टिपांत भारित सरासरी लिहिलेली आहे, आणि ३१ मार्चचा साठा पूर्ण काळाच्या सरासरीनेच काढलेला आहे. म्हणून या वर्षीही तीच पद्धत आणि तिमाहीचा नफा २३ लाख. फिफोचा आकडा मी फक्त तुलनेसाठी दिला होता, तो बाहेर कुणालाही द्यायचा नाही.

बँकेच्या बाबतीत हे नीट सांभाळावे लागेल. कॅश क्रेडिटसाठी दर महिन्याला आपण जे स्टॉक स्टेटमेंट देतो, त्यात साठा फिफोने लावला तर पाच लाख जास्त दिसतील आणि २५ टक्के मार्जिन सोडून उचल करता येणारी मर्यादा पावणेचार लाखांनी वाढेल. तेव्हा सोयीचे वाटते, पण बँकेला दिलेले तिमाही आकडे पुस्तकांशी जुळतात का, हे आता ऑडिटर पाहतो आणि तफावत असेल तर ती लिहावी लागते. स्टेटमेंट करणारा आणि पुस्तके पाहणारा यांनी एकच भाव वापरायचा, एवढाच नियम पाळावा.

कर वाचवण्यासाठी पद्धत निवडण्याचा विचार कुणी सुचवला, तर त्याचे वजन किती तेही सांगतो. पाच लाखांचा फरक ३१ मार्चलाही तसाच राहिला, तर आपल्या २५.१७ टक्के दराने सव्वा लाखाच्या आसपास कर एक वर्ष पुढे जातो. माफ होत नाही. तेवढ्यासाठी पद्धत बदलायला योग्य कारण दाखवावे लागते, बदलाचा परिणाम रुपयांत टिपांमध्ये लिहावा लागतो, आणि एकदा बदलली की पुढच्या वर्षी योग्य कारणाशिवाय परत फिरता येत नाही.

तरीही माझे स्वतःचे मत असे की पूर्ण वर्षाची सरासरी आपल्या धंद्याला नीट बसत नाही. मार्चच्या शेवटी वखारीत जानेवारीनंतरची नवी तूर असते आणि तिच्या किमतीत आदल्या एप्रिलचा भाव मिसळलेला असतो. फिरती सरासरी जास्त खरी पडेल. पण ती लावायची तर पुढच्या १ एप्रिलपासून, ऑडिटरशी बोलून, बदल जाहीर करून. वर्षाच्या मधेच नाही.

आणखी दोन ठिकाणी माझ्या हिशेबात चूक शिरू शकत होती, ती मी तपासून घेतली आहे. तुम्हाला कधी शंका आली तर ती कशी ओळखायची तेही लिहितो.

पहिली चूक भाड्याची. अकोल्याच्या जूनच्या खेपेवर गाडीभाडे आणि हमाली क्विंटलला ८० रुपये होती, एकूण ८०,०००. ही रक्कम तुरीच्या किमतीत न घेता सरळ खर्चात टाकली, तर सरासरीत नफा फक्त २०,००० ने कमी दिसतो, कारण ती खेप सहा हजार क्विंटलमध्ये मिसळते आणि त्यातली पाव हिस्साच तूर शिल्लक आहे. फिफोत मात्र ती अख्खी खेप शिल्लक धरलेली असते, म्हणून नफा पूर्ण ८०,००० ने कमी दिसतो. शेवटच्या खेपेतली कुठलीही चूक फिफोत जशीच्या तशी साठ्यात उतरते. जूनचा भाव ७,९२० दिसला की भाडे राहिले असे ओळखावे.

दुसरी चूक तारखेची. जूनची खेप कुणी चुकून २ मे च्या तारखेला नोंदवली, तर फिफोला ती मे महिन्याच्या १२ तारखेच्या खेपेआधीची वाटते. मग शिल्लक तूर पूर्ण ७,८०० ने मोजली जाते आणि १ कोटी १९ ऐवजी १ कोटी १७ लाख येतात. पूर्ण काळाच्या सरासरीला या चुकीचा पत्ताही लागत नाही. तपासायला पाच मिनिटे लागतात: खरेदी रजिस्टर उलट्या क्रमाने घ्यायचे, शेवटच्या बिलापासून मागे जात १,५०० क्विंटल भरेपर्यंत बिले मांडायची आणि त्यांची बेरीज फिफोच्या आकड्याशी ताडून पाहायची. वखारीच्या आवक वहीतली गाडीची तारीख आणि बिलाची नोंद जुळली पाहिजे.

टॅलीबद्दल एक विनंती. तूर या स्टॉक आयटमच्या मास्टरमध्ये `Costing Method` आहे, तिथे सध्या `Avg. Cost` लावलेले आहे. तुम्हाला फिफोचा आकडा काढून देताना मी मूळ डेटावर हात लावला नाही, बॅकअपची वेगळी प्रत उघडून तिथे `FIFO` लावले. हा पर्याय मास्टरमध्ये बदलला की फक्त पुढचे नाही, मागच्या तारखांचे अहवालही नव्या पद्धतीने उभे राहतात, आणि सही झालेल्या हिशेबातला साठा आणि पडद्यावरचा साठा जुळेनासा होतो. म्हणून मास्टर बदलण्याचा अधिकार दोनच लॉगिनना ठेवावा असे सुचवतो. त्याला तुमची मंजुरी हवी.

सोबत एक्सेल जोडली आहे. पहिल्या पानावर फिफो, दुसऱ्यावर पूर्ण काळाची सरासरी, तिसऱ्यावर फिरती सरासरी, चौथ्यावर महिनावार १८ लाखांचा हिशेब. जुलैचे स्टॉक स्टेटमेंट मी ७,६०० च्या पद्धतीनेच पुढे नेत आहे. तुमचे काही वेगळे म्हणणे असेल तर ते बँकेत जाण्याआधी कळवावे.

आपला,
वित्त विभाग